ऑक्टोबर १९४३ ला जिंकलेले जर्मन मार्च १९४४ पर्यंत आकाश कसे हरले?

गनिमी_कावा (धागाकर्ता)

पटावर खेळायचा एक युद्धखेळ बनवतोय. विषय जर्मनीवरचे अमेरिकेचे दिवसाचे हवाई हल्ले. नियम लिहिताना एका ठिकाणी गाडी अडलीय, म्हणून हा धागा.

पहिला डाव १४ ऑक्टोबर १९४३ चा. अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाने श्वाईनफुर्टच्या बॉलबेअरिंग कारखान्यांवर २९१ बी-१७ बॉम्बर पाठवले. ६० परत आले नाहीत, आणखी १७ आले ते भंगारात काढावे लागले. हा डाव माझ्या पटावर चोख बसतो. जर्मन खेळाडूला रडार आणि फायटर दिले की तो जिंकतो.

दुसरा डाव ६ मार्च १९४४ चा, बर्लिन. त्या दिवशी ६९ बॉम्बर पडले, म्हणजे श्वाईनफुर्टपेक्षाही जास्त. माझ्या गुणपद्धतीप्रमाणे जर्मन पुन्हा जिंकतो. पण प्रत्यक्षात त्याच महिन्यात लुफ्तवाफेचं, म्हणजे जर्मन हवाई दलाचं, कंबरडं मोडलं, आणि जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर त्यांची विमानं दिवसभरात तीनशेच्या आसपास फेऱ्या करू शकली, जेमतेम नावापुरती. जर्मन रडार तेच होतं, फायटर उलट वाढले होते. मग माझ्या नियमांत नक्की काय चुकतंय?

---

तिरपागडा

मस्टँग. विषय संपला. पी-४७ थंडरबोल्ट आखेनच्या आसपास माघारी फिरायचे, तिथून पुढे बॉम्बर उघडे पडायचे. पी-५१ मस्टँग बर्लिनला जाऊन परत येऊ शकत होतं. पटावर मस्टँगची सोंगटी टाक, डाव आपोआप फिरेल.

---

वैनतेय

तिरपागडा, निम्मं बरोबर. ६ मार्चला जे सुमारे आठशे एस्कॉर्ट फायटर उडाले, त्यांतले मस्टँग फक्त शंभराच्या घरात होते. सहाशेहून जास्त थंडरबोल्टच होते, उरलेले पी-३८. म्हणजे 'मस्टँग आलं आणि जिंकलं' असं म्हणता येत नाही. मस्टँगने शेवटचा टप्पा झाकला. त्याआधीचे आणि परतीचे टप्पे थंडरबोल्टने सांभाळले म्हणून मस्टँगला तिथवर इंधन घेऊन पोचता आलं.

हे रिलेसारखं चालायचं. बॉम्बरचा वेग कमी, फायटरचा जास्त. बॉम्बरसोबत राहायचं तर फायटरला वर नागमोडी उडत राहावं लागतं आणि त्यात इंधन नुसतं जळतं. म्हणून एक गट इंग्लंडहून सरळ ठरलेल्या ठिकाणी जाऊन बॉम्बरना गाठणार, अर्धा तास सोबत करणार, मग पुढचा गट येऊन ताबा घेणार. जाताना थंडरबोल्ट, लक्ष्यावर मस्टँग आणि पी-३८, येताना पुन्हा थंडरबोल्ट. काहींच्या दिवसात दोन फेऱ्या व्हायच्या.

थंडरबोल्टचा पल्ला वाढला तो बाहेरून लटकवलेल्या टाकीमुळे. आतल्या इंधनावर ते २८० किलोमीटरपर्यंत जाऊन परत यायचं, पोटाखाली ४१० लिटरची एक टाकी लावली की ६०० किलोमीटर. ही टाकी सोपी वाटते, पण सहा हजार मीटरच्या वर हवेचा दाब इतका कमी होतो की पंप टाकीतून इंधन ओढू शकत नाही. १९४३ च्या जुलैत जी पहिली टाकी वापरली, ती म्हणून अर्धवटच भरायचे आणि उंची गाठण्याआधी टाकून द्यायचे. उपाय सापडला तो विमानातच होता. जायरो उपकरणांना निर्वात देणारा जो पंप असतो, त्याची बाहेर फेकली जाणारी हवा नळीने टाकीत सोडली. टाकीत दाब तयार झाला, इंधन वर चढायला लागलं. ब्रिटनमध्ये या टाक्या राळेत भिजवलेल्या कागदाच्या बनवत. उड्डाणाच्या आधी थोडाच वेळ भरायच्या, कारण पेट्रोल काही तासांत सांधे विरघळवायचं. आणि जर्मनीत पडल्या तरी शत्रूच्या हाती ॲल्युमिनियम लागत नसे.

आता तुमच्या गुणपद्धतीकडे. तुम्ही विमानं मोजताय. वैमानिक मोजा, बाकी तिथेच उलगडेल. सविस्तर रात्री लिहितो.

---

बापू_ओझरकर

मंडळी, एवढा घोळ कशाला? हवाई वर्चस्व म्हणजे शत्रूची विमानं उडूच द्यायची नाहीत. १९७१ ला आपण ढाक्यात काय केलं? तेजगावच्या धावपट्टीवर ६ डिसेंबरला २८ स्क्वाड्रनच्या मिग-२१ नी सूर मारून ५०० किलोचे बॉम्ब टाकले. पट्टीला खड्डे पडले, पाकिस्तानची सेबर विमानं धड असूनही जमिनीवरच राहिली. पूर्वेतलं आकाश मोकळं. मिग-२१ तेव्हा आमच्या नाशकात ओझरलाच बनत होती, म्हणून ही गोष्ट इथे सगळ्यांना पाठ. अमेरिकनांनी जर्मन धावपट्ट्या का नाही फोडल्या?

---

वैनतेय

बापू, धागा १९४४ चा आहे, पण तुमचा प्रश्न अगदी मोक्याचा आहे.

ढाक्यात पाकिस्तानची जेमतेम एक स्क्वाड्रन होती. त्यांना जायला तेजगाव आणि कुर्मीटोला सोडून जागा नव्हती, आणि सेबर हे जेट, त्याला लांब, गुळगुळीत काँक्रीट लागतंच. एक पट्टी फोडली की संपलं. ती रात्रीत बुजवली तर सकाळी पुन्हा फोडायची.

जर्मनांचं फायटर मेसरश्मिट १०९ गवतावरून उडायचं. जर्मनीत, हॉलंडमध्ये, फ्रान्समध्ये अशी मैदानं ढिगाने होती. एक खराब झालं तर गट पलीकडच्या गावी जाऊन उतरणार. गवतातला खड्डा फावड्यांनी काही तासांत भरतो. वीस हजार फुटांवरून बॉम्ब टाकून असं मैदान बंद ठेवणं म्हणजे पावसाळ्यात अंगण झाडण्यासारखं.

त्यामुळे मैदानाऐवजी त्यावर उभी असलेली विमानं हे लक्ष्य झालं. बॉम्बरना पुढच्या गटाच्या हवाली केल्यावर परतीच्या वाटेवर फायटर खाली उतरून तळांवर मशिनगन चालवायचे. हे फार महागात पडायचं. तळाभोवती २० मिलिमीटरच्या तोफा असत आणि पहिल्या झडपेला त्या गाफील असल्या तरी दुसऱ्या झडपेला नसत. म्हणून झाडांच्या उंचीवरून एकदाच जायचं, मागे वळायचं नाही. हा नियम मोडल्यामुळे कित्येक नामांकित वैमानिक जर्मन कैदेत गेले.

---

लघुलहरी

सगळे विमानांत गुंतलेत, रडारबद्दल कुणीच बोलत नाही. मला वाटतं धागाकर्त्याची खरी चूक तिथेच आहे. त्यांनी रडारला 'जर्मनांचा फायदा' म्हणून धरलंय. मार्च १९४४ मध्ये ते जर्मनांना खड्ड्याकडे नेणारं साधन झालं होतं.

जर्मनांना काय कळायचं ते क्रमाने पाहू. सर्वांत आधी रडार नव्हे, कान. सकाळी बॉम्बरचे रेडिओ तपासले जायचे आणि जर्मन श्रवणकेंद्रं ती गडबड ऐकायची. आज मोठा हल्ला आहे हे विमानं उडण्याआधीच कळायचं. मग शेकडो बॉम्बर पूर्व इंग्लंडवर तास-दीड तास घिरट्या घालत रांगा लावायचे. त्या उंचीवरची विमानं किनाऱ्यावरच्या लांब पल्ल्याच्या वासरमान रडारला दोनशे किलोमीटरवरून दिसायची. पुढे फ्रेया, तिचा पल्ला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, दिशा आणि अंतर चांगलं सांगते, उंची सांगत नाही. उंचीसाठी वुर्झबुर्ग, पण तिची मोठी थाळीसुद्धा साठ-सत्तर किलोमीटरच्या पलीकडे पाहत नाही.

ही सगळी माहिती डिव्हिजनच्या बंकरमध्ये जायची. तिथे भिंतीएवढ्या दुधी काचेवर नकाशा, आणि मागच्या बाजूला ओळीने बसलेल्या मुली. प्रत्येकीच्या कानाला एका रडार ठाण्याचा फोन आणि हातात प्रकाशाचा ठिपका टाकणारा छोटा दिवा. ठाण्याने चौकोन सांगितला की ती ठिपका सरकवणार. समोर बसलेला कंट्रोलर ते ठिपके पाहून फायटरना रेडिओवर दिशा देणार.

आता हिशेब करा. बॉम्बर मिनिटाला साधारण पाच किलोमीटर चालतात. दोनशे किलोमीटरवर दिसले म्हणजे किनाऱ्यापर्यंत चाळीस मिनिटं, आणि तिथून बर्लिन आणखी दोन तास. एकट्या १०९ ला साडेसात हजार मीटर चढायला दहा मिनिटं पुरतात. पण एकटं विमान बॉम्बरच्या थव्याचं काही वाकडं करू शकत नाही, म्हणून तीन-चार तळांवरचे गट एका तलावावर किंवा गावावर जमवून शंभराची फौज करायची. त्यात आणखी अर्धा तास जातो. १०९ च्या पोटात ४०० लिटर इंधन, जास्तीची ३०० लिटरची टाकी लावली तरी त्याला फार वेळ तिष्ठत ठेवता येत नाही.

म्हणजे जर्मनांचं रडार उत्तम चाललं, म्हणूनच शंभर फायटर एका वेळी, एका जागी, अमेरिकन फायटरच्या समोर येऊन उभे राहू शकले. अमेरिकनांना हेच तर हवं होतं. शत्रू विखुरलेला असता तर त्याला शोधण्यातच त्यांचं इंधन संपलं असतं.

---

चहाटळ

म्हणजे बॉम्बर म्हणजे वाघाच्या शिकारीला झाडाखाली बांधलेला बोकड? त्यात बसलेल्या दहा जणांना सांगितलं होतं का हे?

---

वैनतेय

चहाटळ, त्या दहा जणांना ते समजत होतं आणि आवडत नव्हतं. बोकड म्हणणं मात्र पूर्ण खरं नाही, कारण बॉम्बर जे फोडायला निघाले होते ते जर्मनांना सोडून देता येण्यासारखं नव्हतं. आमिष खरं नसतं तर मासा वर आलाच नसता. मेमध्ये कृत्रिम पेट्रोलच्या कारखान्यांवर हल्ले सुरू झाले तेव्हा हे आणखी ठळक झालं. विमान-इंधनाचं उत्पादन एप्रिलमध्ये पावणेदोन लाख टन होतं, सप्टेंबरपर्यंत ते एक दशांशाच्याही खाली गेलं.

बदल झाला तो जानेवारी १९४४ मध्ये. जिमी डूलिटलने आठव्या हवाई दलाची सूत्रं घेतली आणि फायटरचं पहिलं काम 'बॉम्बर सुखरूप आणणं' हे होतं ते बदलून 'जर्मन फायटर संपवणं' केलं. त्याआधी एस्कॉर्टने बॉम्बरच्या जवळच राहायचं, जर्मन सूर मारून निसटला की पाठलाग सोडून परत यायचं. जर्मनाला हे ठाऊक होतं, तो खाली जायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा चढायचा. आता पाठलाग जमिनीपर्यंत व्हायला लागला. शिवाय काही गट बॉम्बरच्या ८०-१०० किलोमीटर पुढे जाऊन जर्मन फौज जिथे जमते तिथेच तिला गाठायला लागले. जमत असलेला थवा सर्वांत दुबळा असतो. कुणी चढतंय, कुणी आपला नेता शोधतंय, वेग कमी, उंची कमी.

यात दुहेरी इंजिनांच्या विमानांचं सर्वांत वाईट झालं. ऑक्टोबरमध्ये मेसरश्मिट ११० आणि ४१० लांबूनच २१ सेंटिमीटरचे रॉकेट सोडून बॉम्बरची रचना विस्कटायचे आणि मग १०९ आणि फॉकवुल्फ १९० सुटे पडलेले बॉम्बर उचलायचे. रॉकेटच्या नळ्यांनी ही विमानं बैलगाडीसारखी व्हायची, पण एस्कॉर्ट नव्हता तोवर चालून गेलं. एस्कॉर्ट आल्यावर त्यांनाच सांभाळायला १०९ लागायला लागले. एकेरी, म्हणजे एका इंजिनाच्या, फायटरवरही बॉम्बरसाठी जादा तोफा लटकवल्या होत्या. जर्मन हिशेबाने बी-१७ पाडायला २० मिलिमीटरचे वीसेक गोळे बसावे लागायचे, ३० मिलिमीटरचे तीन पुरायचे, म्हणून तोफा मोठ्या होत गेल्या. जितकी तोफ जड, तितकं मस्टँगसमोर विमान सुस्त.

---

गनिमी_कावा

हे पटावर बसवता येईल असं वाटतंय. पण ६ मार्चला ६९ बॉम्बर पडले कसे मग? एस्कॉर्ट तर आठशे होते.

---

वैनतेय

तो दिवस नीट पाहण्यासारखा आहे, कारण त्यात दोन्ही बाजू दिसतात.

सातशेहून जास्त बॉम्बर, रांग दीडशे किलोमीटरच्या आसपास लांब. ही रांग डोक्यापासून शेपटीपर्यंत एका ठिकाणावरून जायला अर्धा तास लागतो. आठशे एस्कॉर्ट ऐकायला मोठे वाटतात, पण ते दिवसभराच्या टप्प्यांत वाटलेले. कोणत्याही क्षणी हजर किती, तर त्याचा लहानसा हिस्सा, आणि तोही रांगेच्या काही भागांपाशी.

मार्ग जवळपास सरळ बर्लिनकडे होता, फसवण्यासाठी फारशी वळणं नव्हती. आघाडी ठरलेल्या रेषेपासून दक्षिणेला सरकली. मधल्या काही गटांनी तिच्यामागे जाण्याऐवजी मूळ रेषा धरली. रांगेत फट पडली आणि फटीजवळचा भाग एस्कॉर्टच्या नजरेतून सुटला. दुपारी बाराच्या सुमारास जर्मन कंट्रोलरने शंभरच्या आसपास एकेरी फायटर नेमके तिथे आणले. जवळ होते ते थंडरबोल्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जर्मन समोरून आले, कारण समोरून बी-१७ चा मारा सर्वांत कमी आणि कॉकपिट उघडा. अर्ध्या तासात वीसेक बॉम्बर गेले. एकट्या शंभराव्या बॉम्ब ग्रूपची दिवसभरात पंधरा विमानं गेली.

बर्लिनच्या अलीकडे दुसरी गाठ पडली. तिथे ११० आणि ४१० होते, वर १०९ चं छत्र होतं, पण तिथे मस्टँग वेळेवर हजर होते. दुहेरी इंजिनांच्या विमानांची कत्तल झाली. दिवसाअखेर जर्मनांची पासष्टच्या आसपास विमानं गेली, अमेरिकेचे फायटर गेले ११.

आणि दोन दिवसांनी, ८ मार्चला, तेच बॉम्बर पुन्हा बर्लिनवर. श्वाईनफुर्टनंतर खोल आत जायचे हल्ले महिनोन्महिने बंद पडले होते. इथे दोन दिवस.

आता वैमानिकांचा हिशेब. मार्च १९४४ मध्ये जर्मनांनी हाताशी असलेल्या एकेरी फायटरपैकी निम्म्याहून जास्त गमावले आणि वैमानिकांपैकी एक पंचमांशाहून जास्त. मेमध्ये एक चतुर्थांश. ढोबळ धरा की महिन्याला वीस टक्के. शंभर अनुभवी वैमानिक घेऊन जानेवारी सुरू केला तर महिन्याअखेर ८०, मग ६४, ५१, ४१, आणि मेअखेर ३३. जागा भरायला नवे येत होते, पण १९४४ च्या मध्यावर नवा जर्मन वैमानिक शंभरावर थोडे तास उडून लढाईत यायचा, अमेरिकन त्याच्या तिपटीने. नवा पडतो लवकर, म्हणून आणखी घाईने नवे पाठवायचे, ते आणखी लवकर पडतात.

---

तिरपागडा

बरं, मस्टँगचं श्रेय थोडं कमी करतो. पण कारखानेही उद्ध्वस्त झालेच ना? फेब्रुवारीतल्या त्या 'बिग वीक'मध्ये विमानांचे कारखानेच तर फोडले. विमानं बनलीच नाहीत तर उडणार काय?

---

वैनतेय

उलट झालं. २० ते २५ फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात कारखान्यांच्या छपरांचं नुकसान झालं, आतली यंत्रं बरीच वाचली, काम जंगलात आणि बोगद्यांत विखुरलं गेलं. सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मनीने एका महिन्यात तीन हजारांहून जास्त एकेरी फायटर बनवले, सगळ्या युद्धातला उच्चांक. विमानं रांगेत उभी होती. बसायला माणूस नव्हता आणि टाकीत पेट्रोल नव्हतं.

त्या आठवड्यात अमेरिकेचे २२६ जड बॉम्बर गेले. तरी तो आठवडा अमेरिकेचा, कारण कारखाने वाचवायला जर्मनांना रोज वर यावं लागलं.

---

लघुलहरी

यात एक भर. हिवाळ्यात जर्मनीवर महिन्यातले बहुतेक दिवस ढग असतात. नोव्हेंबर १९४३ पासून अमेरिकनांनी काही बॉम्बरमध्ये ढगांतून खालची जमीन दाखवणारं एच-टू-एक्स रडार बसवलं. पडद्यावर पाणी काळं, शहर उजळ, एवढंच कळायचं. नेम वाईट होता, बॉम्ब कुठेही पडायचे. पण हल्ला रद्द करावा लागत नसे, आणि जर्मनांना त्याच ढगांतून वर चढावं लागायचं. त्यांच्या बहुतेक दिवसाच्या वैमानिकांना उपकरणांवर उडायचं शिक्षण अपुरं होतं. काचांवर बर्फ, खाली ढग, इंधन संपत आलेलं. एकही गोळी न लागता माणसं जायची. बॉम्बरच्या रडारने असे किती फायटर खाल्ले ते खेळात धरायचं असेल तर खराब हवेत जर्मन खेळाडूला उतरताना एक फासा टाकायला लावा.

आणि जर्मन जमिनीवरच्या रडारची एक मर्यादा लिहायची राहिली. पडद्यावरचा ठिपका बॉम्बरचा की फायटरचा, ते रडार सांगत नाही. म्हणून जर्मन एखादं विमान थव्यापासून लांब ठेवून नुसतं पाहणी करायला पाठवायचे, त्याने 'चार इंजिनं, एवढी संख्या, सोबत फायटर नाहीत' असं सांगायचं. मस्टँग यायला लागल्यावर हे पाहणारेच आधी मरायला लागले आणि कंट्रोलरचे डोळे गेले. ठिपके होते, अर्थ नव्हता.

---

चहाटळ

रडारवर चंदेरी पट्ट्या टाकून त्याला आंधळं करतात ना? हॅम्बुर्गला केलं होतं. दिवसा का नाही केलं?

---

लघुलहरी

हॅम्बुर्गला, २४ जुलै १९४३ च्या रात्री, ब्रिटिशांनी. पट्टीची लांबी वुर्झबुर्गच्या ५३ सेंटिमीटर तरंगलांबीच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे ती सर्वांत जोरात प्रतिध्वनी देते. ७९१ विमानांतली फक्त १२ गेली. पण रात्री जर्मन फायटर आंधळाच असतो, रडार गेलं की त्याचं सगळं गेलं. दिवसा वीस किलोमीटरवरून पाचशे बॉम्बरच्या धुराच्या रेषा नुसत्या डोळ्यांना दिसतात. दिवसा अमेरिकन गोंधळ घालायचे तो विमानविरोधी तोफांच्या वुर्झबुर्गवर, फायटरसाठी नाही.

रात्रीची दुसरी बाजूही सांगते. त्याच मार्चच्या शेवटी, ३० तारखेला, ब्रिटिशांची ९५ विमानं न्युरेम्बर्गला एका रात्रीत पडली. जर्मनांनी विमानात बसणारं नवं रडार आणलं होतं, त्याची तरंगलांबी इतकी मोठी की जुन्या पट्ट्यांचा त्याला त्रास नव्हता. शिवाय ब्रिटिश बॉम्बरची स्वतःची रडार चालू असल्याने त्यांचा माग काढणारी ग्राहकयंत्रंही जर्मनांकडे होती. ब्रिटिशांनी रडार फसवायचा खेळ सुंदर खेळला, पण जर्मन रात्रीचे फायटर मारायला त्यांच्याकडे पुरेसं काही नव्हतं. एक दार बंद केलं की दुसरं उघडायचं.

---

तिरपागडा

एक शेवटचा. मस्टँग बाहेरच्या टाक्यांवर चालतं. मग जर्मनांनी दहा-वीस फायटर हॉलंडच्या किनाऱ्यावरच अंगावर का नाही घातले? लढाई म्हटली की टाक्या टाकाव्याच लागतात. टाक्या पडल्या, मस्टँग घरी. अगदी स्वस्तात काम.

---

वैनतेय

वा, हा प्रश्न आवडला. मस्टँगचं इंधन मोजू. पंखांत मिळून ७०० लिटर, वैमानिकाच्या पाठीमागे ३२०, बाहेर दोन टाक्या २८५ च्या. पाठीमागची टाकी भरलेली असताना विमानाचं वजन मागे जातं आणि जोरात वळवलं तर दांडा उलटा हाताला ओढायला लागतो, विमान वैमानिकाच्या हातून निसटतं. म्हणून किनारा ओलांडण्याआधी पाठीमागची टाकी शंभर-सव्वाशे लिटरवर आणायची, मगच बाहेरच्या टाक्यांतलं इंधन वापरायला घ्यायचं. बर्लिनवर गाठ पडली की बाहेरच्या टाकायच्या. उरले साधारण ८०० लिटर. पंधरा मिनिटांच्या जोराच्या लढाईत १५० च्या वर जातात. घर ९०० किलोमीटर, दोन तास, पाचशेच्या आसपास. शिल्लक जेमतेम शे-दीडशे.

हॉलंडवरच टाक्या टाकाव्या लागल्या तर हा हिशेब कोलमडतो, बर्लिन हाताबाहेर. तुम्ही म्हणता ते कागदावर अगदी बरोबर आहे. पण जर्मन हवाई दलाचा प्रमुख ग्योरिंग याचा हुकूम होता की अमेरिकन फायटर टाळा, फक्त बॉम्बर मारा. त्यामुळे एस्कॉर्टवर आधी चढाई करायची पद्धत जर्मन फायटरच्या हातून काढूनच घेतली होती. फायटर दलाचा प्रमुख गालांड याचा या हुकुमाला विरोध होता.

---

लघुलहरी

वैनतेय, इथे मी सहमत नाही. हुकूम नसता तरी ते जमलं असतं असं वाटत नाही. हॉलंडच्या किनाऱ्यावर मस्टँग एकटं नसायचं, तिथे थंडरबोल्टच्या टप्प्याची पाळी असायची. दहा-वीस जर्मन आले तर मस्टँगने टाक्या सांभाळत पुढे जायचं आणि थंडरबोल्टने भिडायचं. शिवाय हॉलंड-फ्रान्समधले गट आत जर्मनीत ओढून घेतले होते, किनाऱ्यावर उरलेल्यांना आठवड्यात निम्म्यावर आणायला थंडरबोल्ट पुरेसे होते.

---

वैनतेय

टप्प्यांची गोष्ट खरी. पण प्रत्येक वेळी मस्टँगला बाजूने निघून जाता आलं असतं हे मला पटत नाही. वरून, सूर्याकडून आठ फायटर आले तर ते मस्टँगवर येतायत की थंडरबोल्टवर हे पाहायला वेळ नसतो, सगळ्यांच्याच टाक्या पडतात. काही दिवस झालंही तसं, छोट्या प्रमाणावर. ठरवून केलं असतं तर मार्च कसा गेला असता, यावर आपलं एकमत व्हायचं नाही.

---

गनिमी_कावा

मग खेळात हा नियम ऐच्छिक ठेवतो. जर्मन खेळाडूला ग्योरिंगचा पत्ता सुरुवातीलाच हातात मिळेल. तो फाडायचा असेल तर चार तुकड्या किनाऱ्यावर ठेवाव्या लागतील, आणि प्रत्येक फेरीला आधी थंडरबोल्टशी फासा. विमानांच्या सोंगट्या अमर्याद, वैमानिकांच्या मोजून शंभर. बापू, १९७१ चा डाव वेगळा काढतो, त्यात मात्र धावपट्टी फोडायचा नियम असेल.

---

बापू_ओझरकर

त्यात ५०० किलोचा बॉम्ब सूर मारून टाकायचा असतो, सपाट उडत नाही, हे लक्षात ठेव. सपाट टाकला तर काँक्रीटवर घसरत जातो.